सोमवारची घट, गुरुवारची वाढ

मामा एका जिल्हा दैनिकात वृत्तसंपादक होते. निवृत्तीनंतर ते पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना शिकवतात. त्यांची भाची संख्याशास्त्र शिकली आहे आणि जिल्ह्याच्या आरोग्य विभागात साथरोगांची आकडेवारी पाहते. ‘रोजच्या आकड्यांची बातमी कशी लिहावी’ या पाठासाठी मामांनी २०२१च्या एप्रिल-मे महिन्यांतली कात्रणे काढली होती. राज्याच्या आरोग्य विभागाकडून रोज संध्याकाळी येणारा कोरोनाचा अहवाल आणि त्यावरून केलेल्या बातम्या, असा तो गठ्ठा. त्यावरून दोघांत जे बोलणे झाले ते मी जवळ बसून ऐकले आणि शक्य तितके त्यांच्याच शब्दांत लिहून काढले.

मामा : हे बघ, २६ एप्रिल २०२१. राज्यात नवे रुग्ण ४८,७००. आदल्या दिवशी होते ६६,१९१. म्हणजे एका दिवसात सव्वीस टक्क्यांनी कमी. ही बातमी नाही का? दोन्ही आकडे सरकारी, वजाबाकी बरोबर, मथळा सरळ : ‘रुग्णसंख्येत मोठी घट’. यात चूक दाखव.

भाची : आकड्यात चूक नाही, वजाबाकीतही नाही. मथळ्यात आहे. ४८,७०० ही त्या दिवशी नोंदवलेल्या रुग्णांची संख्या. पण ‘घट’ म्हटलं की वाचणारा काय समजतो? साथ ओसरायला लागली. तुमच्या गठ्ठ्यातलं पुढचंच कात्रण काढा.

मामा : २७ एप्रिल, ६६,३५८.

भाची : म्हणजे एका दिवसात छत्तीस टक्क्यांची वाढ. साथ एका रात्रीत चौथाईने ओसरली आणि दुसऱ्या रात्रीत पुन्हा होती तिथे आली, असं होत नाही. संसर्ग त्या गतीने वरखाली होतच नाही. २६ तारखेला सोमवार होता, एवढंच झालं.

मामा : सोमवारी कमी येतात हे आम्हाला माहीत होतं. रविवारी चाचण्या कमी होतात.

भाची : चाचण्या कमी होतात हे अर्धं झालं. पुढची साखळीही बघा. रविवारी बाह्यरुग्ण विभाग बंद. खासगी प्रयोगशाळांची नमुने गोळा करणारी माणसं कमी. ताप आला तरी बरेच जण म्हणतात, उद्या जाऊ. घशातला-नाकातला नमुना घेतला की आरटीपीसीआरचा निकाल यायला साधारण एक दिवस जायचा, गर्दीच्या काळात जास्त. मग तो निकाल आयसीएमआरच्या पोर्टलवर भरायचा, जिल्ह्याने पत्ता तपासायचा, दुसऱ्या जिल्ह्याचा रुग्ण असेल तर तिकडे पाठवायचा आणि मग तो राज्याच्या संध्याकाळच्या अहवालात यायचा. म्हणून सोमवारच्या अहवालात रविवारच्या ओस पडलेल्या केंद्रांची सावली दिसते. अहवालावरची तारीख नोंदीची असते. त्या माणसाला लागण कधी झाली, लक्षणं कधी दिसली, याच्याशी तिचा थेट संबंध नाही.

मामा : रविवारचा आकडा मात्र भरघोस असतो. १८ एप्रिलला, रविवारी, ६८,६३१ आले. राज्याचा तोवरचा आणि नंतरचाही सर्वांत मोठा आकडा तोच.

भाची : कारण रविवारच्या अहवालात शुक्रवार-शनिवारच्या नमुन्यांचे निकाल असतात. दुसऱ्याच दिवशी ५८,९२४. आता लागोपाठचे चार रविवार आणि त्यांच्या पाठीवरचे चार सोमवार शेजारी ठेवा. ६८,६३१ नंतर ५८,९२४. ६६,१९१ नंतर ४८,७००. ५६,६४७ नंतर ४८,६२१. ४८,४०१ नंतर ३७,२३६. चारही वेळा सोमवारी पडझड. त्यातली पहिली पडझड लाट शिखरावर असताना, शेवटची ती उतरत असताना. शिखरावरही तीच आणि उतारावरही तीच दिसत असेल, तर लाट कुठे आहे हे त्या पडझडीवरून कसं कळणार?

मामा : मग सोमवारच्या बातमीत एक ओळ घालायची, ‘रविवारी चाचण्या कमी झाल्याने’. प्रश्न मिटला.

भाची : सोमवारपुरता मिटला. पण खरा घोटाळा मंगळवारपासून सुरू होतो आणि तो कुणाच्या लक्षात येत नाही. ३ मेपासूनची चार कात्रणं काढा.

मामांनी ती काढून क्रमाने टेबलावर मांडली. सोमवार ३ मे, ४८,६२१. मंगळवार, ५१,८८०. बुधवार, ५७,६४०. गुरुवार ६ मे, ६२,१९४.

भाची : या गुरुवारी संध्याकाळी तुम्ही डेस्कवर बसलेले असता, तर काय मथळा दिला असता?

मामा : ‘सलग तिसऱ्या दिवशी वाढ’. आणि खाली लिहिलं असतं की तीन दिवसांत अठ्ठावीस टक्क्यांनी रुग्ण वाढले. लोक घाबरलेले होते, ऑक्सिजनसाठी धावत होते. ही माहिती दडवून कसं चालेल?

भाची : पण त्याच तीन दिवसांत महाराष्ट्रातली लाट उतरत होती.

मामा : हे तू आज सांगतेस. पुढचे आकडे तुझ्यासमोर आहेत. त्या संध्याकाळी कुणाला ठाऊक होतं?

माझ्या मते साऱ्या चर्चेतला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होता. मागे वळून शहाणपण सांगणे सोपे असते. रोजचा अहवाल लिहिणाऱ्याला उद्याचा आकडा दिसत नाही. भाचीने उत्तरासाठी पुढची कात्रणे घेतली नाहीत, आधीच्या आठवड्याची घेतली.

भाची : त्या संध्याकाळी जे तुमच्या टेबलावर होतं तेवढंच घेऊ. मंगळवारी ५१,८८० आले. त्याआधीच्या मंगळवारी ६६,३५८ होते. बुधवारी ५७,६४०, आधीच्या बुधवारी ६३,३०९. गुरुवारी ६२,१९४; आधीच्या गुरुवारी ६६,१५९. तिन्ही दिवस आपापल्या वारापेक्षा खाली. यासाठी भविष्य बघावं लागत नाही, सात दिवस मागे बघावं लागतं. ज्या गावात रविवारी बाजार भरतो तिथला दुकानदार सोमवारचा गल्ला बघून धंदा बसला असं म्हणत नाही. तो मागच्या सोमवारचा गल्ला आठवतो.

मामा : ठीक. वाराशी वार लावायचा. मग झालं की! ‘गेल्या गुरुवारी इतके, या गुरुवारी इतके’. वाचकाला कळतं, दोन्ही आकडे खरे आहेत. तुझी ती सात दिवसांची सरासरी कशाला मध्ये आणायची? ६ मेला ती येते ५७,५९८. हा आकडा कुठल्याच दिवशी कुठल्याच जिल्ह्यातून आला नाही. बनवलेला आकडा छापायचा का?

भाची : वाराशी वार लावणं बरोबरच आहे, पण त्यात सगळा भार दोनच दिवसांवर पडतो. त्यातला एक दिवस जरी बिघडला, एखाद्या प्रयोगशाळेचं यंत्र बंद पडलं, पोर्टल अडलं, तरी तुलना फसते. आता दोन सोमवार बघा. २६ एप्रिलला ४८,७००, ३ मेला ४८,६२१. फरक फक्त ७९. या जोडीवरून तुम्ही लिहाल, ‘रुग्णसंख्या स्थिर’. दुसऱ्याच दिवशी मंगळवारांची जोडी सांगते, साडेचौदा हजारांची घट. एका दिवसाच्या अंतरावर दोन वेगळे निष्कर्ष. सात दिवसांची सरकती सरासरी अशा सात जोड्या एकत्र धरते, म्हणून एका जोडीच्या लहरीवर ती नाचत नाही.

मामा : सात जोड्या कशा? सरासरी म्हणजे सात आकड्यांची बेरीज भागिले सात. जोड्या कुठून आल्या?

भाची : आपण करूनच बघू. ३ मेच्या संध्याकाळी, मंगळवार २७ एप्रिल ते सोमवार ३ मे या सात दिवसांची बेरीज ४,२७,२९५. भागिले सात, ६१,०४२. आता ४ मे उजाडला. सात दिवसांची खिडकी एक घर पुढे सरकली. आत काय आलं? ४ मेचे ५१,८८०. बाहेर काय गेलं? २७ एप्रिलचे ६६,३५८. मधले सहा दिवस जसेच्या तसे. म्हणजे बेरीज १४,४७८ने कमी झाली आणि सरासरी त्याच्या सातव्या भागाने, सुमारे २,०६८ने. ६१,०४२ वरून ५८,९७४.

मामा : म्हणजे आत आलेला मंगळवार आणि बाहेर गेलेलाही मंगळवार.

भाची : हेच तर मर्म आहे. सरासरी आज वर गेली की खाली, हे आजचा आकडा कालच्यापेक्षा मोठा की लहान यावर ठरत नाही. तो मागच्या आठवड्यातल्या त्याच वारापेक्षा मोठा की लहान, यावर ठरतं. बुधवार आत येतो तेव्हा बुधवारच बाहेर जातो. त्यामुळे खिडकी कुठेही असो, तिच्यात एक सोमवार, एक मंगळवार, एक रविवार, प्रत्येक वार एकदाच असतो. वारांचा चढउतार आपोआप कटतो. आता तुमचा ‘सलग तिसऱ्या दिवशी वाढ’ असलेला काळ पुन्हा बघा. रोजचे आकडे ४८ हजारांवरून ६२ हजारांवर चढले. सरासरी ६१,०४२, मग ५८,९७४, मग ५८,१६४, मग ५७,५९८. एकदाही चढली नाही.

मामा काही वेळ कागदावर स्वतः भागाकार करत राहिले. उत्तरे जुळली, पण त्यांचे समाधान झाले नव्हते.

मामा : सातच का? पाच दिवसांची घेतली तर अधिक ताजी राहील. आणि भागाकारही सोपा.

भाची : पाच दिवसांच्या खिडकीत दोन वार कायम बाहेर राहतात आणि कुठले दोन, ते रोज बदलतं. शनिवार ८ मेला हे स्पष्ट दिसतं. शुक्रवारी संपणाऱ्या पाच दिवसांत सोमवार होता, म्हणून सरासरी आली ५४,८७१. शनिवारी तो सोमवार खिडकीबाहेर पडला आणि सरासरी झाली ५५,८६८. जवळजवळ हजाराने वाढ. वाढ कशाची? रविवार-सोमवार दोन्ही हिशेबातून गेले, त्याची. त्याच दोन दिवसांत सात दिवसांची सरासरी ५६,३२७ वरून ५४,९४४ वर उतरली होती. दहा दिवसांची घेतली तरी हाच दोष, कारण काही वार दोनदा येतात आणि काही एकदाच. चौदा चालतील, कारण त्यांत प्रत्येक वार दोनदा येतो, पण वळण दिसायला आणखी उशीर होतो. चक्र सात दिवसांचं आहे, म्हणून खिडकी सातच्या पटीतच हवी.

मामा : आता माझं ऐक. तुझ्या सरासरीचा उशीर मला साधा वाटत नाही. हे ११ एप्रिलचं कात्रण. राज्यात ६३,२९४ नवे रुग्ण. मी तुझ्या पद्धतीने मागचे सात दिवस आत्ताच मिळवले. सरासरी येते ५६,६६४. म्हणजे तू वाचकाला साडेसहा हजारांनी कमी सांगितलं असतंस. लाट चढत असताना ही सरासरी लोकांना गाफील ठेवते. त्या साडेसहा हजार माणसांना खाटा लागणार नव्हत्या का?

भाची : लागणार होत्या. आणि उशिराचा आक्षेप शंभर टक्के खरा आहे. मागच्या सात दिवसांची सरासरी खरं तर मधल्या दिवसाची असते. ६ मेला काढलेली सरासरी ३० एप्रिल ते ६ मे यांची, तिचा मध्य ३ मे. म्हणजे ती तीन दिवस जुनी स्थिती सांगते. चढत्या लाटेत ती आजच्या खऱ्या पातळीखाली राहते, उतरत्या लाटेत वर. शिखर आलं की ते तीन दिवस उशिरा दिसतं. काही जण आलेखावर सरासरी मधल्या दिवसावर मांडतात, तेव्हा शिखर योग्य जागी दिसतं, पण मग शेवटचे तीन दिवस रेघच नसते. या उशिरातून सुटका नाही. ती स्थिरतेची किंमत आहे.

मामा : मग संकटात असली किंमत का मोजायची?

भाची : कुठला प्रश्न विचारता त्यावर ते अवलंबून आहे. आज रात्री किती खाटा लागतील, किती सिलिंडर भरावे लागतील, याचं उत्तर सरासरीत शोधू नये. त्यासाठी आज दाखल झालेली माणसं मोजायची, एकेक. पण साथ वाढते आहे की घटते आहे, निर्बंध सैल करायचे की नाही, हा दिशेचा प्रश्न आहे आणि तो एका दिवसाच्या आकड्याने सुटत नाही. आणि चढत्या लाटेतही सरासरी दिशा लपवत नाही. ११ एप्रिलला ६३,२९४ आत आले आणि ४ एप्रिलचे ५७,०७४ बाहेर गेले, म्हणजे सरासरी चढलीच. ती पातळी कमी सांगते, दिशा चुकवत नाही. उलट रोजच्या तुलनेचं काय झालं ते बघा. ४ एप्रिलच्या ५७,०७४ नंतर ५ एप्रिलच्या सोमवारी आले ४७,२८८. लाट जोरात चढत असताना तुमचा मथळा ‘मोठी घट’ म्हणाला असता. गाफील कुणी ठेवलं?

इथे मामा थोडे थांबले. पण त्यांच्याकडे आदल्या वर्षीचे आणखी दोन कागद होते, आणि मला वाटते सरासरीवर विश्वास ठेवणाऱ्या प्रत्येकाने ते पाहावेत. पहिला कागद १६ जून २०२०चा होता.

मामा : या दिवशी राज्याने आधीच्या काळातले, नोंदीत न आलेले १,३२८ मृत्यू एकदम जाहीर केले. आम्ही स्पष्ट लिहिलं, हे जुने मृत्यू आहेत. तुझी सरासरी काय करेल?

भाची : बिघडेल. १,३२८ भागिले सात, म्हणजे जवळजवळ १९०. सरासरी १६ जूनला १९०ने उडी मारेल, सात दिवस तिथेच राहील आणि २३ जूनला, तो दिवस खिडकीबाहेर पडला की, तितकीच खाली कोसळेल. आलेखावर सपाट माथ्याचा, दोन्ही बाजूंनी सरळ तुटलेला उंचवटा दिसेल, रुंदी बरोबर सात दिवस. असा आकार दिसला की समजायचं, साथीत काही घडलेलं नाही, कुणीतरी साठलेल्या नोंदी एका दिवशी टाकल्या. २३ तारखेला जी ‘घट’ दिसते तिचा तर त्या दिवशीच्या कुठल्याही मृत्यूशी संबंध नाही. उपाय दोनच आहेत. ते मृत्यू ज्या-ज्या दिवशी झाले त्या तारखांवर नेऊन वाटायचे. ते जमत नसेल तर सरासरीतून वगळायचे, एकूण संख्येत धरायचे आणि खाली टीप द्यायची.

मामा : मृत्यूंच्या बाबतीत तर रोजच तसं होतं. राज्याच्या अहवालातच लिहिलेलं असायचं, एवढ्या मृत्यूंपैकी इतके गेल्या ४८ तासांतले, इतके गेल्या आठवड्यातले, उरलेले त्याहून जुने.

भाची : ती ओळ अहवालातली सर्वांत प्रामाणिक ओळ होती, आणि बातमीत येता येता ती गळायची. सरासरी वारांचा दोष काढते. नोंद उशिरा येण्याचा दोष ती काढू शकत नाही. दोन्ही वेगळे आहेत.

दुसरा कागद त्याच वर्षीच्या दिवाळीचा होता. १४ नोव्हेंबर २०२०, शनिवार, लक्ष्मीपूजन. १५ आणि १६ तारखेला राज्यात जेमतेम अडीच हजार रुग्ण नोंदले गेले. १८ तारखेला पाच हजारांच्या वर.

मामा : दिवाळी दर सात दिवसांनी येत नाही.

भाची : म्हणूनच ती कटत नाही. खिडकीतून बाहेर जाणारा सोमवार साधा असतो आणि आत येणारा सोमवार भाऊबिजेचा, म्हणून सरासरी उगाच खाली बसते. सात दिवसांनी भाऊबिजेचा सोमवार बाहेर पडतो आणि साधा आत येतो, तेव्हा ती उगाच वर उठते. गणपती, ईद, नाताळ, सगळीकडे हेच. अशा आठवड्यात निष्कर्ष काढायची घाई करू नये आणि चाचण्यांचा आकडा शेजारी ठेवावा. चाचण्याही रुग्णांइतक्याच पडल्या असतील तर साथ ओसरली असं म्हणता येत नाही. शंभर चाचण्यांत किती बाधित, हे प्रमाण काढायचं असेल तर सात दिवसांचे बाधित मिळवा, सात दिवसांच्या चाचण्या मिळवा आणि मग भागा. रोजच्या सात टक्केवारींची सरासरी काढू नका. तशी काढली तर ओस पडलेल्या रविवारच्या थोड्या चाचण्यांना गजबजलेल्या बुधवारइतकंच वजन मिळतं.

मामा : माझी मुलं हे संगणकावर करतील. त्यांना काय सांगू?

भाचीने लॅपटॉप उघडला. B स्तंभात दुसऱ्या ओळीपासून रोजचे आकडे, आणि आठव्या ओळीत, म्हणजे सातवा दिवस भरल्यावर, C स्तंभात हे सूत्र :

```
=AVERAGE(B2:B8)
```

भाची : हे खाली ओढत न्यायचं. पहिल्या सहा दिवसांची सरासरी रिकामी राहू द्यायची, तीन-चार दिवसांवर काढायची नाही, नाहीतर पहिला आठवडा वारांच्या तावडीत सापडतो. आणि एक गोष्ट वहीत लिहून घ्या, कारण आमच्या कामात सर्वाधिक गोंधळ इथे होतो. एखाद्या दिवशी अहवाल आलाच नाही तर त्या घरात काय भरायचं? समजा ३ मेचा सोमवार आला नाही. घर रिकामं ठेवलं तर सूत्र ते घर सोडून देतं आणि सहाने भागतं. ६ मेची सरासरी येते ५९,०९४, खऱ्यापेक्षा दीड हजाराने जास्त, कारण आठवड्यातला सर्वांत कमी दिवस गेला. शून्य भरलं तर सातने भागतं आणि सरासरी येते ५०,६५२, खऱ्यापेक्षा सात हजारांनी कमी. दोन्ही उत्तरं पडद्यावर तितकीच नेटकी दिसतात. म्हणून सरासरीच्या शेजारी आणखी एका स्तंभात खिडकीतले भरलेले दिवस मोजायचे.

```
=COUNT(B2:B8)
```

हा आकडा सात नसेल तर त्या दिवशीची सरासरी छापायची नाही. मात्र COUNT शून्यालाही भरलेला दिवस धरतं, म्हणून न आलेल्या अहवालासाठी शून्य कधीच टाकायचं नाही.

मामा : हे मला पटलं. पण एक गोष्ट मी सोडणार नाही. रोजचा कच्चा आकडा छापलाच पाहिजे, आणि आधी छापला पाहिजे. सरासरीमागे खरा आकडा दडवायची सवय एकदा कार्यालयांना लागली, तर उद्या एखाद्या तालुक्यात एका दिवशी खरोखर स्फोट होईल आणि तो सातने भागून आमच्यापर्यंत पोचेल.

भाची : मला तेच हवंय. कच्चा आकडा नसेल तर सरासरी तपासताच येत नाही. आणि लहान तालुक्यात, जिथे दिवसाला चार-पाच रुग्ण असतात, तिथे सरासरीपेक्षा ते चार रुग्ण कुठल्या वाडीतले आहेत हे महत्त्वाचं असतं. माझं भांडण आकड्याशी नाही. ‘कालच्यापेक्षा इतक्या टक्क्यांनी’ या वाक्याशी आहे.

मामा : मग ६ मेची बातमी लिहून दाखव. चार ओळींत.

तिने लिहिले : ‘राज्यात गुरुवारी ६२,१९४ नव्या रुग्णांची नोंद झाली. गेल्या गुरुवारी ही संख्या ६६,१५९ होती. सात दिवसांची सरासरी ५७,५९८ असून आठवड्यापूर्वी ती ६३,५३० होती, म्हणजे आठवड्यात सुमारे नऊ टक्क्यांची घट. सोमवारपासून रोजचे आकडे चढताना दिसतात. आठवड्याच्या सुरुवातीला चाचण्या कमी नोंदल्या जातात, त्याचा हा परिणाम आहे.’

मामांनी शेवटच्या वाक्यावर बोट ठेवले. चाचण्यांचे आकडे पाहिल्याशिवाय ‘परिणाम आहे’ असे ठाम लिहायचे नाही, ‘असे दर सोमवारनंतर दिसते’ एवढेच लिही, म्हणाले. भाचीने तसे बदलले. ही दुरुस्ती मला फार मोलाची वाटते : चार सोमवारांची पडझड कात्रणांतच दिसत होती, पण तिचे कारण त्या कात्रणांत नव्हते.

मथळ्यात काय यावे, यावर दोघांचे जुळले नाही. मामांच्या मते मथळा दिवसाच्या आकड्याचाच हवा, कारण तो मोजलेला आहे. भाचीच्या मते लोक मथळाच वाचतात, म्हणून दिशा मथळ्यात यावी. माझा कल भाचीकडे आहे, पण कच्चा आकडा पहिल्या ओळीत असलाच पाहिजे ही मामांची अट मी कधीच सोडणार नाही.

कोरोनाचा रोजचा अहवाल आता येत नाही. पण बाजार समितीतली आवक, आगारातले प्रवासी, रुग्णालयातली बाह्यरुग्णांची नोंद, डेंग्यूचे संशयित यांचे दैनंदिन तक्ते रोज निघतात, आणि त्यांतही वारांचा ठसा असतोच. असा तक्ता तुमच्याकडून जात असेल तर त्यातला ‘कालच्या तुलनेत टक्के’ हा रकाना काढून टाका आणि त्या जागी दोन रकाने घाला : गेल्या आठवड्यातला तोच वार, आणि सात दिवसांची सरासरी.